फोटोतल्या ॲप-स्क्रीनचं अरबी करताना बटणांचं काय करायचं?

प्रश्न: क्लायंटने ॲपच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलाय, मूळ फाइल नाही. अरबी करायचंय, पण काही शब्द बटणात मावत नाहीत, काही फारच छोटे होतात. काय करू?

मी बेळगावात डीटीपी करतो. एकाच पाटीवर मराठी आणि कन्नड बसवून हात तयार झालाय, तरी अरबीचं पहिलं काम मला दोनदा करावं लागलं.

आधी फोटो सरळ करा. तिरक्या फोटोत एका बाजूचं बटण मोठं दिसतं आणि मापं फसतात. मग स्क्रीनची रुंदी 360 dp धरा. dp हे अँड्रॉइडचं मापाचं एकक, बऱ्याच अँड्रॉइड फोनचा हिशेब त्याच्या आसपास बसतो, आणि पुढची मापंही त्यातच आहेत. माझ्या फोटोत Login चं बटण रुंदीच्या पावपट होतं, म्हणजे 90. दोन्ही बाजूंची 16-16 मोकळी जागा सोडली की शब्दाला उरले 58. अरबीत Login म्हणजे تسجيل الدخول (तस्जील अद्-दुखूल), 14 च्या अक्षरात ते 75 च्या आसपास जातं. मी अक्षर 11 केलं, तर नुक्ते एकमेकांत मिसळले. तसं करू नका. बटणावर नुसतं دخول (दुखूल) चालतं, आणि ते आरामात बसतं.

Save चं उलट होतं. حفظ (हिफ्झ) ही तीनच अक्षरं. बटण शब्दाएवढं आकसू देऊ नका. शेजारच्या إلغاء (इल्गा, म्हणजे Cancel) एवढीच रुंदी ठेवा. ही दोन्ही क्रियेची नामं आहेत. आज्ञार्थ घेतला तर पुरुषाला एक रूप, बाईला दुसरं, म्हणून बटणावर नामच बरं. मांडणी उजवीकडून सुरू होते, त्यामुळे दोन्ही बटणांच्या जागाही आपसात बदलतील.

इंग्रजी बटणात अक्षरांमध्ये अंतर दिलेलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर जोडाक्षरांसारखी एकमेकांना धरलेली अरबी अक्षरं सुटी पडतात. उंचीही थोडी वाढवा. إلغاء च्या पहिल्या अलिफखाली छोटा हम्झा असतो. बटण बुटकं असलं की नेमका तोच कापला जातो.

आता आपल्याकडची खास अडचण. इथे उर्दू टाइप करणारे सहज मिळतात. मीही गल्लीतल्या चाचांकडून टाइप करून घेतलं. अक्षर सुंदर, पण कीबोर्ड उर्दूचा. Next साठी التالي (अत्-ताली) हवं होतं, आलं التالی. शेवटच्या अक्षराखालचे दोन नुक्ते बघा. उर्दूची 'ये' वेगळी आहे, तिला शब्दाच्या शेवटी नुक्ते नसतात, आणि कॉम्प्युटरलाही ते निराळंच अक्षर वाटतं, शोधात सापडत नाही. चाचांची चूक नव्हती, कीबोर्ड मीच बदलून द्यायला हवा होता. नंतर अरबी कीबोर्ड लावून दिला, त्यांनी अर्ध्या तासात सगळं पुन्हा केलं.

क्लायंटला चित्रासोबत शब्दांचा तक्ताही द्या: मूळ शब्द, अरबी शब्द, मोजलेली जागा. डेव्हलपर तुमच्या चित्रातून अक्षरं उचलू शकत नाही.