नॉन-रिकोर्स फॅक्टरिंग केलंय, आता खरेदीदार म्हणतो माल खराब निघाला. फॅक्टर माझ्याकडून पैसे परत मागू शकतो का?

हो, बहुतेक करारांत मागू शकतो. नॉन-रिकोर्समध्ये फॅक्टर फक्त खरेदीदार बुडण्याची जोखीम घेतो. बिल खरं आणि वादरहित आहे ही हमी तुमचीच असते. शिवाय त्या बिलावर फॅक्टरला तुमच्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. 10 लाखांच्या बिलातला 3 लाखांचा माल खरंच सदोष असेल, तर खरेदीदार फॅक्टरलाही 7 लाखच देईल. फॅक्टरने 8 लाख आगाऊ दिले असतील, तर कमी पडलेला 1 लाख आणि शुल्क तुमच्याकडून वसूल होईल. मात्र ‘माल मिळाला, तक्रार नाही’ असं खरेदीदाराने फॅक्टरला लिहून दिलं असेल, तर त्याचा हा बचाव बराच लंगडा पडतो. ते पत्र आधी शोधा.