फुटबॉल क्लबची जर्सी ओरिजिनल आहे की कॉपी, हे शिलाई, कापड, बॅज आणि किमतीवरून कसं ओळखायचं? आणि कॉपी घेतली तर क्लबचं असं काय बिघडतं?

जर्सी उलटी करा. बाहेरची बाजू कोणीही फोटो पाहून हुबेहूब उतरवतो. आतली बाजू जाहिरातीच्या फोटोत येत नाही, म्हणून कॉपीवाला पैसे तिथेच वाचवतो.

आधी बॅजची मागची बाजू बघा. भरतकामाचा बॅज असेल तर कॉपीत मागे कडक, खरखरीत अस्तर दिसतं, त्याच्या कडा कशातरी कापलेल्या असतात आणि एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत गेलेले धागे तसेच लोंबत असतात. पातळ कापडावर दाट भरतकाम ताण देऊन केलं की बॅजच्या भोवती कापड गोळा होतं. जर्सी टेबलावर सपाट पसरली तरी त्या बारीक सुरकुत्या जात नाहीत. इस्त्रीने जाईल असं विकणारा सांगेल, पण तो दोष ताणाचा आहे, घडीचा नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: जर्सी स्वतःशी तरी जुळते का? कंपन्या एकच डिझाइन दोन प्रकारांत काढतात. फॅन व्हर्जन थोडं सैल असतं आणि त्यावर बहुतेकदा भरतकामाचा किंवा विणलेला बॅज असतो. प्लेअर व्हर्जन अंगाबरोबर बसतं, कापड हलकं असतं आणि बॅज उष्णतेने चिकटवलेला असतो. कॉपीत यांची खिचडी होते. आदिदासच्या जर्सीवर HEAT.RDY लिहिलेलं असेल तर ती प्लेअर व्हर्जन असायला हवी. AEROREADY लिहिलेलं असेल तर ती फॅन व्हर्जन. म्हणजे HEAT.RDY च्या खाली जाड भरतकामाचा बॅज आणि ढगळ कट दिसला, तर पुढे तपासायची गरजच नाही.

मग आतलं लेबल. बाजूच्या शिलाईत धुण्याच्या सूचनांच्या पट्ट्या असतात, तिथेच किंवा जवळच्या छोट्या लेबलवर प्रॉडक्ट कोड मिळतो. आदिदासचा कोड साधारण सहा अक्षर-अंकांचा असतो. नायकेचा सहा, मग आडवी रेघ, मग तीन अंक, आणि ते शेवटचे तीन अंक रंगाचे असतात. हा कोड जसाच्या तसा सर्च करा. हातात यंदाची होम जर्सी आणि सर्चमध्ये दुसऱ्याच क्लबची जर्सी किंवा ट्रॅक पँट आली, तर विषय संपला. कॉपीवाले एकच लेबल छापून सगळ्या मालाला लावतात. मात्र कोड जुळला म्हणून जर्सी खरी ठरत नाही, कारण खरा कोड उतरवून घेणं फारसं अवघड नाही.

कापडात एकच बघा. खऱ्या जर्सीवरची नक्षी विणीतच असेल तर बोटाला लागते आणि उजेडासमोर धरल्यावर दिसते. कॉपीत ती अनेकदा नुसती छापलेली असते.

किमतीबद्दल: सीझन संपल्यावर मोठी सूट मिळणं साहजिक आहे. पण चालू सीझनची जर्सी सगळ्या साइझमध्ये पाव किमतीत, आणि प्लेअर व्हर्जन फॅन व्हर्जनपेक्षा स्वस्त, असं खऱ्या मालात होत नाही. 'फर्स्ट कॉपी' हीसुद्धा कॉपीच.

आता क्लबचं. 'क्लब आधीच गब्बर आहेत, त्यांना काय फरक पडतो' हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि तो मला मुळीच पटत नाही. लिव्हरपूलचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये त्यांची जर्सी तेव्हा बनवणाऱ्या न्यू बॅलन्स कंपनीबरोबरचा त्यांचा वाद लंडनच्या कोर्टात गेला, तेव्हा नायकेच्या प्रस्तावाचे आकडे बाहेर आले: वर्षाला 3 कोटी पौंड ठरलेले आणि वर निव्वळ विक्रीवर 20 टक्के रॉयल्टी. म्हणजे कमाईचा एक भाग थेट खपावर अवलंबून. कॉपीची विक्री त्या हिशेबात कुठेच येत नाही. ज्यांचे करार लहान आहेत, जे स्वतः माल मागवून स्वतःच विकतात, त्या छोट्या क्लबांकडे तर न खपलेला गठ्ठा पडून राहतो आणि पुढच्या वर्षी नवं डिझाइन आलं की त्याची किंमत आणखी घसरते. शिवाय पुढचा करार करताना कंपनी खपाचेच आकडे समोर ठेवते. प्रत्येक कॉपीमागे एक खरी विक्री बुडते असं मी म्हणत नाही, कारण कॉपी घेणारे बरेचजण पूर्ण किमतीची जर्सी घेणारच नव्हते. पण ओरिजिनल समजून कॉपी घेतलेल्याच्या पैशांतला क्लबचा वाटा मात्र बुडतोच.

एक राहिलंच. एखादा सुटा धागा, 'मेड इन चायना' किंवा साइझमधला थोडा फरक यावरून कोणाची जर्सी नकली ठरवू नका. खऱ्या जर्सी थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, चीन अशा अनेक देशांत शिवल्या जातात आणि त्यांतही सुटे धागे निघतात. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या जर्सींना वरचे लेबलचे नियम सरसकट लागू होत नाहीत. बजेट कमी असेल तर मागच्या सीझनची ओरिजिनल घ्या, आणि वापरलेली घेत असाल तर पैसे देण्याआधी बॅजच्या मागचा आणि आतल्या लेबलचा फोटो मागा. जो विकणारा तो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.