त्याच फोनवर रोज कोड का मागितला जातो?

"फोन तोच, रोज 'हे डिव्हाइस लक्षात ठेवा'वर टिक करतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कोड मागतात. काय चुकतंय?"

आधी एक बघा: रोज पासवर्ड मागतात, की फक्त कोड, की दोन्ही? नुसता पासवर्ड मागून कोडशिवाय आत घेत असतील, तर टिक नीट काम करतेय. फक्त लॉगिनचं सेशन संपलंय. त्या टिकेमुळे फक्त कोड टळतो, पासवर्ड नाही. खाली जे लिहिलंय ते कोड मागत असतील तरच उपयोगाचं.

नावात डिव्हाइस असलं तरी वेबसाइटवर ही टिक बहुतेक वेळा फोनला ओळखत नाही. टिक केली की साइट त्या ब्राउझरमध्ये ओळखीची एक छोटी खूण, म्हणजे कुकी ठेवते आणि तिची नोंद स्वतःच्या सर्व्हरवरही करते. पुढच्या वेळी कुकी दाखवली की कोड माफ. म्हणजे बिघाडाच्या जागा दोनच: कुकी तुमच्याकडून हरवते, किंवा सर्व्हर ती मानायचं थांबवतो.

कोणती जागा, हे बहुतेकदा खात्याच्या सुरक्षा सेटिंगमधूनच कळतं. तिथे विश्वासू डिव्हाइसेसची यादी असेल तर उघडा. तोच फोन, तेच ब्राउझर आणि रोज एक नवी नोंद, अशा सात-आठ ओळी दिसल्या तर कुकी रोज फोनवरून जातेय आणि साइट तुम्हाला दरवेळी नवखा समजतेय. नोंद एकच असून तरीही कोड मागत असतील तर संशय सर्व्हरच्या मुदतीवर घ्या.

यादी नसेल तर चाचणी करा. सकाळी 9 वाजता कोड टाकून टिक करा आणि लॉगआउट करा. लगेच परत लॉगिन करा. कोड मागता कामा नये. मग पुन्हा लॉगआउट करून ब्राउझर अलीकडच्या अ‍ॅप्समधून सरकवून पूर्ण बंद करा, उघडा आणि लॉगिन करा. इथे कोड आला तर ब्राउझर बंद होताना कुकी पुसतोय. दोन्ही पार पडलं, रात्री 8 लाही कोड नाही आला, पण दुसऱ्या सकाळी 9 नंतर आला, तर मुदत 24 तासांची किंवा त्याहून थोडी कमी आहे असं समजा. चाचणीभर वायफायच ठेवा. काही साइट्स आयपी पत्ता बदलला की पुन्हा खात्री करतात, म्हणून मोबाइल डेटावर जाऊन वेगळं तपासा. व्हीपीएन असेल तर तो बंद करूनही बघा.

ब्राउझर पुसतोय असं निघालं तर आधी खाजगी टॅब वापरताय का ते पाहा. त्यातली कुकी खाजगी टॅब बंद झाले की जाते. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधलं Delete browsing data on quit चालू असेल तर ते बंद करा किंवा निदान त्यातली कुकीजची टिक काढा. नुसती कॅशे साफ केल्याने कुकी जात नाही, त्यामुळे तो आरोप बहुतेकदा खोटा ठरतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच आहे: मेल किंवा चॅट अ‍ॅपमधली लिंक. ती अनेकदा त्याच अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याच्या कुकीज तुमच्या नेहमीच्या ब्राउझरपासून वेगळ्या असू शकतात. काल क्रोममध्ये टिक केली आणि आज मेलमधल्या लिंकवरून गेलात, तर साइटच्या लेखी हा दुसराच ब्राउझर. वरच्या मेनूत ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय असतो, तो वापरा. त्याहून सोपं म्हणजे साइटचा बुकमार्क करून कायम तिथूनच जा. आयफोनवर होम स्क्रीनवर टाकलेल्या वेब अ‍ॅपचा साठाही सफारीपेक्षा वेगळा असतो, म्हणून एकच दार पकडा.

मुदतच अशी छोटी निघाली तर फोनवर कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही. ऑफिसचं खातं असेल तर ती अ‍ॅडमिनच्या हातात असते. मायक्रोसॉफ्टच्या कामाच्या खात्यांत ही मुदत 1 ते 365 दिवसांपर्यंत ठेवता येते. अ‍ॅडमिनला 'टिक चालत नाही' एवढंच सांगू नका. कोड टाकल्याची आणि परत मागितल्याची नेमकी वेळ द्या, म्हणजे त्यांना मुदत तपासणं सोपं जाईल. खातं वैयक्तिक असेल आणि साइट पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करायची सोय, देत असेल तर ती लावून बघा. अनेक ठिकाणी मग वेगळा कोड लागत नाही.

सगळं जमल्यावर त्या यादीतल्या जुन्या नोंदी काढून टाका. चुकून चालू नोंद गेली तर एकदाच कोड टाकावा लागेल.