‘बोललं गेलं’ नव्हे, ‘मी बोलले’

ताई, माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. कॉलेज रोडचा क्लास सातला सुटतो आणि पावणेआठपर्यंत ती इंदिरानगरला घरी येते. मागच्या मंगळवारी सव्वानऊ वाजले तरी पत्ता नाही, फोन बंद. ती आली तेव्हा मी खाली पार्किंगमध्येच उभी होते. शेजारच्या दोन काकूंसमोर म्हणाले, “कुठे उंडारत होतीस? तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक.” मोबाइल काढून घेतला, तो अजून माझ्याच कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. मैत्रिणीला चक्कर आली होती, हिने तिला रिक्षाने पंचवटीला घरी सोडलं आणि आई कामावरून येईपर्यंत तिच्याजवळ बसली. मी चिठ्ठी लिहिली: “पिल्लू, काल जरा जास्तच बोललं गेलं. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण तूही एक फोन करायला हवा होतास. शेवटी आई आहे मी, काळजीपोटीच बोलते. आता झालं गेलं विसरून जा आणि अभ्यासाला लाग.” तिने वाचली, घडी घातली, फ्रिजवर ठेवून दिली. तेव्हापासून नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’. माफी मागूनही ती अशी का वागते?
— एक आई, नाशिक

ताई,

तुमची चिठ्ठी मी तिच्या जागी बसून दोनदा वाचली. प्रेम आहे त्यात. पण त्या पार्किंगमध्ये नेमकं काय झालं, ते त्यात कुठेच नाही.

पहिलंच वाक्य बघा. “जास्तच बोललं गेलं.” आपल्या भाषेत ही एक सोय आहे. चूक ‘होते’, आवाज ‘चढतो’, तोंडून शब्द ‘निघून जातो’, आणि हे सगळं करणारं माणूस वाक्यातून अलगद बाजूला होतं. शिवाय ‘जास्त’ म्हटलं की थोडं बोलणं रास्तच होतं, फक्त प्रमाण चुकलं, असा अर्थ निघतो. त्या दिवशी तिची चूक नव्हतीच, त्यामुळे एक शब्दसुद्धा जास्तच होता. तिथे ‘मी बोलले’ एवढंच हवं. लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे.

मग ‘वाईट वाटलं असेल तर’. वाटलंच आहे, हे तुम्हालाही दिसतंय. आणि कशाचं वाटलं? ‘उंडारत’ हा शब्द ती कदाचित विसरेल. विश्वासाचं वाक्य विसरणार नाही. ज्या संध्याकाळी तिने विश्वासाला सगळ्यात जास्त जागून दाखवलं, त्याच संध्याकाळी तिला ते ऐकावं लागलं, तेही दुसऱ्यांसमोर. म्हणून ते वाक्य जसंच्या तसं उच्चारा आणि परत घ्या. ते चिठ्ठीत नसेल, तर ‘आई अजून तसंच समजते’ असं ती धरून चालेल.

आता फोनचं. तुमचा मुद्दा खोटा नाही. मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून तिला कळवता आलं असतं. पण ‘सॉरी’च्या पाठोपाठ ‘पण’ आला की पोरांना फक्त ‘पण’च्या पुढचं ऐकू येतं. हा मुद्दा या माफीतून पूर्ण काढा आणि चार दिवसांनी वेगळा बोला, तोही तक्रार म्हणून नाही. घरातले दोन नंबर तिला पाठ हवेत आणि तिच्या जवळच्या मैत्रिणींच्या आयांचे नंबर तुमच्याकडे हवेत, एवढंच ठरवायचं आहे. यातला अर्धा भाग तुमच्या बाजूचा आहे.

काळजीचं वाक्य मात्र मी पूर्ण काढणार नाही. दीड तास तुमच्या जिवाचं पाणी पाणी झालं, हे तिला कळायला हवं. फक्त जोडणारा शब्द बदला. ‘घाबरले होते म्हणून बोलले’ यात भीती ढाल होते. ‘घाबरले होते, तरी तसं बोलायला नको होतं’ यात भीतीही खरी राहते आणि चूकही तुमचीच राहते. आणि हे वाक्य चूक कबूल केल्यानंतरच यावं, आधी नको.

शेवटी ‘विसरून जा’. हा हुकूम झाला, आणि ‘अभ्यासाला लाग’ हा दुसरा. अमेरिकन संशोधक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीतले सहा घटक तपासले. लोकांना सर्वांत मोलाची वाटली ती जबाबदारीची स्पष्ट कबुली, त्याखालोखाल नुकसान भरून द्यायची तयारी. क्षमा करावी ही विनंती सगळ्यात शेवटी आली. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा आहे, पण वर्षानुवर्षं तुमच्यासारखी पत्रं वाचताना मला घरातही हेच दिसत आलंय.

भरून द्यायचं म्हणजे दोन गोष्टी. मोबाइल आजच परत द्या, माफीच्या आधी, कुठल्याही अटीशिवाय. माफीसोबत दिलात तर तो सौदा वाटेल. दुसरं, त्या दोन काकू. बोलणं त्यांच्यासमोर झालं, तेव्हा दुरुस्तीही त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. पण आधी तिला विचारा. या वयात तो विषय पुन्हा चारचौघांत निघणंच नको वाटू शकतं. ती हो म्हणाली तर एवढंच सांगा, “त्या दिवशी मी हिला विनाकारण बोलले, ती एका मैत्रिणीच्या मदतीला थांबली होती.” चक्कर वगैरे सांगू नका, ती त्या दुसऱ्या मुलीची खासगी गोष्ट आहे.

मी लिहिली असती तर अशी:

“मंगळवारी काय झालं हे न विचारता मी तुला खाली सगळ्यांसमोर बोलले. ‘तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक’ असं म्हणाले. ते खोटं होतं आणि मी ते बोलायला नको होतं. तू मैत्रिणीला एकटं सोडलं नाहीस. मी खूप घाबरले होते, तरी आधी ‘तू बरी आहेस ना?’ एवढंच विचारायला हवं होतं. माझं चुकलं. पुढच्या वेळी आधी घरात येऊ आणि मी तुझं ऐकून घेईन. त्या काकूंना मी खरं काय ते सांगू का? तुला नको असेल तर नाही सांगणार.”

‘पिल्लू’ मी मुद्दाम काढलं. रुसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते लाडीगोडी वाटतं. ‘माझं चुकलं’मध्ये ‘च’ घालू नका. ‘चुकलंच माझं’ म्हटलं की आपल्या घरांत त्याचा अर्थ उलटा होतो, ते तुम्ही जाणता.

आणि या वेळी लिहून देऊ नका, तोंडाने सांगा. समोर बसवून नको. ती ओट्यापाशी पाणी प्यायला येईल तेव्हा, शेजारी उभं राहून. वर आंब्याच्या फोडींची बशी सरकवू नका. माझे वडील असेच समजूत काढायचे, रात्री गुपचूप चिवड्याची वाटी आणून ठेवायचे. मी तो खायचे, पण ते कशाबद्दल होतं हे मला कधीच नक्की कळलं नाही.

बोलून झालं की गप्प राहा. ती ‘ठीक आहे’ म्हणून निघून जाईल, जाऊ द्या. कदाचित दोन दिवसांनी भडकेल, “मागच्या दिवाळीतही तू असंच केलं होतंस” म्हणेल. ते ऐकून ‘आता माफी मागितली ना!’ असं तोंडावर येईल. तेवढं गिळा आणि विचारा, “काय केलं होतं मी?”