दुसऱ्या विभागाकडून माहिती मागवायचा मेल

प्रश्न: मी अकाउंट्समध्ये आहे. दुसऱ्या डिपार्टमेंटकडे डेटा मागितला की एक तर येतच नाही, नाहीतर भलताच येतो. ‘लवकरात लवकर पाठवा’ लिहूनही काही फरक पडत नाही. मेल नेमका कसा लिहायचा?

सगळ्यात आधी मेलमध्ये कारण लिहा. आणि ते असं लिहा, की वाचणाऱ्याला तुम्ही त्या आकड्यांचं पुढे काय करणार आहात ते दिसेल. मुदत आणि फॉरमॅट दोन्ही त्यातूनच ठरतात. ‘मॅनेजमेंटला हवंय’, ‘ऑडिटसाठी लागतंय’ यातून माहिती कोणाला हवी ते कळतं, तिचा उपयोग काय होणार ते कळत नाही.

मीही अकाउंट्समध्येच काम करतो आणि हे मला एका सहामाही क्लोजिंगमध्ये उमगलं. वर्षभर न हललेल्या मालासाठी तरतूद करायची होती. मी स्टोअरला एका ओळीचा मेल टाकला: ‘कृपया नॉन-मूव्हिंग मालाची यादी लवकरात लवकर पाठवावी.’ चौथ्या दिवशी यादी आली, ती पीडीएफमध्ये. आकडे उतरवून घेण्यात दीड दिवस गेला. तरतुदीची रक्कम काढली, तर ती माझ्या अंदाजाच्या निम्मीसुद्धा भरेना. गोदामात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला माल मी स्वतः पाहिला होता आणि यादीत त्याचा पत्ताच नव्हता.

शेवटी स्टोअरच्या इन्चार्ज मॅडमकडे जाऊन बसलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, “इथे तीन तारखा आहेत. शेवटचा इनवर्ड, शेवटचा इश्यू, शेवटची हालचाल. तुम्हाला कुठली हवी होती?” यादी काढली होती ती ‘शेवटची हालचाल’ धरून. आणि माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवला, तरी सिस्टीम त्याला हालचालच समजते. दोन महिन्यांपूर्वी जागा रिकामी करायला जो जुना माल दुसरीकडे नेला होता, तो सगळा कागदावर ताजा झाला होता. मला हवी होती ती वापरासाठी झालेल्या शेवटच्या इश्यूची तारीख. मॅडमची यात काहीच चूक नव्हती. ‘नॉन-मूव्हिंग’ या शब्दाचा त्यांच्या सिस्टीममधला अर्थ त्यांनी बरोबर धरला होता. मग त्या म्हणाल्या, “तरतुदीसाठी आहे हे लिहिलं असतंत, तर मी आधीच विचारलं असतं. शिवाय मोठ्या मोटरचे राखीव पार्ट वेगळे दाखवले असते. ते पाच वर्षं हलले नाहीत तरी भंगार नाहीत, मोटर बंद पडली तर लागणार म्हणून ठेवलेत.”

हा दुसरा मुद्दा तर माझ्या डोक्यातही आला नव्हता. कारण सांगितल्याने समोरचा माणूस तुमची मागणीच दुरुस्त करू शकतो, कारण त्याचा डेटा तो तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो.

पुढच्या सहामाहीला, शुक्रवारी 3 ऑक्टोबरला सकाळी, मी पाठवलेला मेल साधारण असा होता:

विषय: 30 सप्टेंबरची न वापरलेल्या मालाची यादी – बुधवार 8 ऑक्टोबर, दुपारी 3 पर्यंत

मॅडम, नमस्कार.
30 सप्टेंबरच्या दिवसअखेर शिल्लक असलेला, पण 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर या मागच्या बारा महिन्यांत वापरासाठी एकदाही इश्यू न झालेला माल हवा आहे. गोदामा-गोदामांतली बदली इश्यू म्हणून धरू नये.
कारण: या मालाची किंमत लावून मी तरतूद काढणार आहे आणि तो आकडा शुक्रवारी, 10 तारखेला जायचा आहे. किंमत लावायला मला एक दिवस लागतो, शंका निघाल्या तर तुमच्याशी बोलायला अर्धा दिवस. म्हणून बुधवारी दुपारी 3.
सोबत एक्सेल जोडली आहे, वरच्या दोन ओळी नमुन्यासाठी भरल्या आहेत. राखीव पार्ट असतील तर शेऱ्यात ‘राखीव’ लिहावं.
संपूर्ण यादी तोवर होणार नसेल, तर शिल्लक किमतीने सगळ्यात मोठे 50 आयटम आधी दिलेत तरी माझं काम सुरू होईल. जमेल की नाही, एवढं सोमवारी दुपारपर्यंत कळवाल का?

यादी मंगळवारी संध्याकाळीच आली.

त्या मेलमधल्या दोन गोष्टी जरा उलगडून सांगतो. पहिली मुदत. ती शेवटाकडून मागे मोजत यायची. आकडा कधी जायचा आहे, त्याआधी माझं काम किती, शंकांना किती वेळ, मग मागायची वेळ कुठली. हा हिशोब मेलमध्येच लिहिला की मुदत मनाला येईल तशी ठोकलेली वाटत नाही. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा. ‘बुधवारपर्यंत’ म्हणजे तुमच्यासाठी बुधवारी सकाळी आणि त्यांच्यासाठी बुधवारी घरी निघताना, असं सर्रास होतं. आणि खोटी मुदत देऊ नका. शुक्रवारी लागणारी गोष्ट सोमवारी मागायची आणि बुधवारी आली तर मनातल्या मनात खूश व्हायचं, ही युक्ती फार तर दोनदा चालते. तिसऱ्यांदा समोरच्याला ठाऊक असतं की तुमच्या तारखेत दोन दिवस फुकटचे आहेत. मग खरी घाई असते तेव्हाही तो ते दोन दिवस धरूनच चालतो.

‘जमेल का ते सोमवारपर्यंत कळवा’ हे वाक्य मला मुदतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. नकार येणार असेल तर तो बुधवारी दुपारी तीनला कळून उपयोग नाही. सोमवारी कळला तर वाट काढता येते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे मोजणी चालू असेल किंवा यादी काढणारा एकच माणूस रजेवर असेल, अशा गोष्टी सोमवारच्या उत्तरातच बाहेर येतात. कमी केलेली मागणी, म्हणजे ते ‘मोठे 50 आयटम’, आधीच लिहून ठेवली तर ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी कोंडी होत नाही. बहुतेक ठिकाणी थोड्याच आयटममध्ये बरीचशी रक्कम अडकलेली असते, म्हणून तरतुदीच्या कामात ही छोटी यादीही बरंच काही सांगते.

दुसरी गोष्ट फॉरमॅट. तो शब्दांत समजावत बसण्यापेक्षा तक्ता जोडा आणि दोन खऱ्या ओळी भरून द्या. माझ्या तक्त्यात सातच रकाने होते: आयटम कोड, वर्णन, एकक, गोदाम, शिल्लक, शेवटच्या इश्यूची तारीख, शेरा. किंमत मी मागितली नाही, कारण ती माझ्याकडेच होती. जे तुमच्याकडे आहे ते दुसऱ्याकडून मागू नका. त्याचं काम वाढतं आणि दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर नवाच वाद उभा राहतो.

आयटम कोडचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर 004512 टाइप केलं की एक्सेल त्याचं 4512 करते आणि 3-12 सारख्या कोडची चक्क तारीख होते. पंधरा अंकांपेक्षा लांब नंबर असेल तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात आणि मूळ नंबर त्या फाइलमधून परत मिळत नाही. तारखेचा रकाना `dd-mm-yyyy` ठेवा. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, यावर निम्मी यादी चुकीच्या बाजूला जाऊ शकते. मधल्या बेरजा आणि जोडलेले सेल नकोत हेही सांगा, कारण त्यांच्यावर सॉर्ट आणि फिल्टर नीट चालत नाहीत.

रिकाम्या सेलचं काय, हेही आधीच ठरवा. शेवटच्या इश्यूची तारीख रिकामी असेल तर तो माल कधीच इश्यू झाला नाही, की नोंद सापडली नाही? तरतुदीच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी नमुन्याच्या दुसऱ्या ओळीत मुद्दाम ‘कधीच नाही’ लिहून ठेवलं होतं आणि ‘नोंद नाही’ हा वेगळा शब्द शीर्षकाखाली दिला होता.

‘30 सप्टेंबरच्या दिवसअखेर’ हे शब्दही गाळू नका. पुष्कळ सिस्टीममध्ये रिपोर्ट ज्या दिवशी काढाल, त्या दिवसाची शिल्लक येते. 7 तारखेला काढलेली यादी 7 तारखेचीच शिल्लक दाखवेल आणि तुमच्या खतावणीशी जुळणार नाही. यादी आली की मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चार-पाच मोठ्या आयटमची शिल्लक माझ्याकडच्या 30 तारखेच्या आकड्याशी ताडून पाहतो. तिथेच फरक दिसला तर बहुधा तारीख चुकलेली असते.

आठवण एकदाच करा, मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी, आणि शक्यतो फोनवर. “उद्या तीनला यादी येतेय ना, काही अडलंय का?” एवढं पुरतं. मेलमध्ये पहिल्याच फटक्यात त्यांच्या साहेबांना सीसी ठेवू नका. समोरचा त्यातून एवढंच वाचतो की आपल्यावर विश्वास नाही, आणि मग फक्त मागितलं तेवढंच मोजून देतो. राखीव पार्टसारखी गोष्ट आपणहून सांगणारी माणसं अशाने गप्प होतात. मुदत टळली आणि दोनदा बोलूनही उत्तर नाही, तर साहेबांपर्यंत जरूर जा, पण समोरच्याला सांगून: “मला शुक्रवारी आकडा द्यायचाच आहे, म्हणून मी साहेबांशी बोलतो.”

माहिती पगार, हजेरी, आजारपण अशा माणसांच्या खाजगी गोष्टींची असेल तर नावनिशीवार मागण्याआधी थांबा. ओव्हरटाइमची तरतूद काढायची असेल तर विभागवार एकूण तास आणि रक्कम एवढं बहुतेक वेळा पुरेसं असतं आणि ते एचआरला चटकन देताही येतं.

यादी हातात आल्यावर शंका एकेक करून पाठवू नका. सगळी यादी एकदा चाळा, शंका एकाच मेलमध्ये ओळ क्रमांकासह लिहा आणि मग फोन करा. काम संपल्यावर तरतुदीचा अंतिम आकडा आणि कुठले आयटम वगळले, हे त्यांना कळवा. मी ते कळवलं तेव्हा मॅडमनी वगळलेल्यांपैकी दोन पार्टवर बोट ठेवलं: ज्या मशीनसाठी ते राखीव ठेवले होते ते मशीन वर्षापूर्वीच विकलं गेलं होतं. त्या दोन्हींची तरतूद त्याच दिवशी धरली. पुढच्या सहामाहीच्या तक्त्यात आठवा रकाना आला, ‘कुठल्या मशीनसाठी’, आणि तो त्यांनीच सुचवला.