बाळाकडून मोठ्याला गिफ्ट द्यायचं का, आणि द्यायचं तर कसलं

"ताई नमस्कार, आम्ही खानापूर साईडचे. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सगळे सांगतात की बाळाने तुझ्यासाठी आणलं म्हणून मोठीला काहीतरी द्या म्हणजे ती जळणार नाही. हे म्हणतात चांगलं मोठं काहीतरी घेऊ, सासूबाई म्हणतात असली लाच लावू नका. नक्की काय करावं?"

द्या की, जरूर द्या. पण छोटं द्या, आवाज न करणारं द्या आणि तुमच्या स्वतःच्या हातून द्या. असं का म्हणते ते सांगायला एका घरातली गोष्ट सांगते, ओळख लागू नये म्हणून नावगाव आणि थोडे तपशील बदललेत.

बेळगावातलं कुटुंब, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, मुलगा चार वर्षांचा, एलकेजीला जाणारा. त्याला आपण सोनू म्हणू. दुसऱ्या वेळेला सिझर करायचं ठरलेलं म्हणून आई माहेरी निपाणीला गेली, सोनूची शाळा बुडायला नको म्हणून तो इकडे बाबा आणि आजीजवळ राहिला. म्हणजे बाळ यायच्या आधीच त्याची आई त्याच्याजवळनं गेलेली होती, हे लक्षात ठेवा. बाळ झालं, पाचवीच्या दिवशी बाबा त्याला घेऊन निपाणीला गेले आणि जाताना बाजारातनं भलीमोठी रिमोटची जीप घेतली, लाइट लागणारी, हॉर्न वाजणारी, दीड-दोन हजाराची. बाळानं तुझ्यासाठी आणलीय म्हणून सगळ्यांच्या समोर त्याच्या हातात दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरगं खूश.

पुढचं बाबांनी मला आधी सांगितलंच नव्हतं, ते एवढंच सांगत होते की एवढी महाग गाडी देऊनसुद्धा पोरगं बाळावर राग धरतंय, अंथरुणात शू करायला लागलंय, जी सवय दीड वर्षापूर्वीच सुटली होती. मी विचारलं, गाडी दिल्यावर पुढच्या तासाभरात काय काय झालं ते ओळीनं सांगा. मग उलगडलं. बाबा औषधं आणायला बाहेर गेले, आई पाजायला आत वळली, सोनू एकटाच गाडी फिरवायला लागला आणि पहिला हॉर्न वाजल्याबरोबर आजी ओरडली, "अरे गप, बाळ झोपूलालंय, दिसत नाही काय तुला?" दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मामानं गाडीच उचलून कपाटावर ठेवली. म्हणजे बाळानं दिलेली गाडी बाळामुळंच हातातनं गेली, चार वर्षांच्या पोराला ह्याच्यातनं काय कळणार? संध्याकाळी त्यानं ती गाडी काढून पाळण्याच्या दिशेनं फेकली, नशीब लागलं कुणाला नाही. आणि पुढच्या रविवारी गेल्यावर पायरीवरच विचारलं, आज बाळानं काय आणलंय? काही नाही म्हटल्यावर म्हणाला, मग परत पाठवा की त्याला.

ह्या वाक्यावर घरातले हसले होते, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्या मनात हिशोब पक्का झाला होता की बाळ ठेवायचं तर वस्तू मिळणार, आणि आई काही मिळणार नाही. वस्तू कितीही महाग असली तरी त्याला जे कमी पडत होतं ते आईच्या शेजारची जागा होती, आणि गाडी खेळायला त्याला तिच्यापासून लांब अंगणात जावं लागत होतं.

मग आम्ही काय केलं ते सांगते. जीप बंद केली नाही, ती बेळगावच्या घरी परत आणली, बाबांबरोबर गच्चीवर खेळायची म्हणून. आणि आईकडनं नवीन छोटं काहीतरी द्यायचं ठरलं. एक कापडी पिशवी, त्यात बारा जाड खडू, कोरी वही, स्टिकरचे दोन कागद आणि सोनूच्याच बारशाचा एक फोटो, तो पाळण्यात आणि आई शेजारी बसलेली. सगळं मिळून दोनशे रुपयाच्या आत. पुढच्या भेटीला सोनू यायच्या आधी बाळाला आजीच्या मांडीवर दिलं, म्हणजे तो दारातनं आत आला तेव्हा आईचे दोन्ही हात मोकळे होते. आधी त्याला जवळ घेतलं, शाळेचं विचारलं, पिशवी नंतर. हा क्रम मी सगळ्यांना सांगते कारण बहुतेक घरात उलटं होतं, पोरगं धावत येतं आणि आईच्या कुशीत दुसरंच कोणीतरी असतं, त्यात सिझरच्या टाक्यांमुळं वर चढू नको म्हणून पण ओरडा बसतो. टाके असले तर आईनं आधीच पोटावर उशी धरून बसावं, पोराला बाजूनं मिठी मारू द्यावी.

पिशवी खाटेजवळच्या खिळ्याला टांगली आणि नियम एकच, बाळ दूध पितं तेव्हा आपली पिशवी खाली उतरायची. नवीन बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, त्यातल्या तीन-चार वेळा तरी मोठं मूल जागं आणि घरात असतं, आणि खरी कटकट नेमकी तेव्हाच होते कारण तेव्हा आई उठू शकत नाही हे पोरांना बरोबर कळतं. तेव्हाच पाणी पाहिजे, तेव्हाच शी लागते. आता त्याच वेळेला त्याला आईला चिकटून बसायचं कारण मिळालं, एका हातानं ती बाळाला धरायची, दुसऱ्या हातानं स्टिकर काढून द्यायची, तो चित्र काढायचा आणि फोटो बघून विचारायचा मी पण एवढाच होतो का, मी पण रडायचो का. तिनं खरं खरं सांगायचं, तू तर जास्त रडायचास, रात्रभर बाबा तुला घेऊन फिरायचे.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यानं पिशवी मधेच मागितली, नाही म्हटल्यावर लोळण घेतली. आईनं द्यायची नाही पण रागवायचं पण नाही, बाळाला भूक लागली की आपण काढू एवढंच म्हणायचं असं ठरलं होतं, तिनं ते पाळलं. एक दिवस तो म्हणाला मला पण दूध पाजव. घरातल्या बायका हसल्या आणि त्याला लाज वाटली. मी आईला सांगितलं की ह्याला हसू नका, चिडू पण नका, बाळासारखं वागून आपण अजून बाळ आहोत का हे तो तपासतोय, त्याला बाळासारखं कुशीत घ्या, पाठ थोपटा, दोन मिनिटात तो स्वतःच उठून जातो. तसंच झालं. आणि मग एकदा बाळ चुळबुळायला लागल्यावर सोनूच ओरडला, आई त्याला भूक लागली, पिशवी काढ! आईनं फोन करून मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

शाळेच्या दिवसात तो बेळगावात असायचा तेव्हा वहीचं एक पान बाबा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे, आई रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर त्या चित्राबद्दलच बोलायची, बाळाबद्दल त्यानं विचारलं तरच. अंथरूण ओलं व्हायचं हळूहळू कमी झालं, पूर्ण थांबलं ते आई परत बेळगावला आल्यावर. म्हणजे पिशवीनं आईची भरपाई होत नाही, आई दिसत असताना तिच्याजवळ बसायला जागा तेवढी मिळते.

आता तुमच्याकडचं. सासूबाईंच्या लाचेच्या शंकेत तथ्य आहे, पण लाच कधी होते तर अट घातल्यावर. "बाळाला मारू नकोस, मग देते" म्हटलं की झाली लाच. नुसतं दिलं, पुढंमागं काही मागितलं नाही, तर ती भेटच. आणि एकदाच द्या, प्रत्येक वेळेला नको, नाहीतर सोनूसारखं पाहुण्यांच्या हाताकडे बघायची सवय लागते. बाळाकडून म्हणायचं की आईकडून, ह्यावर फार अडू नका. साडेतीनची पोर खुशाल मानेल, पण बाळ पोटात असताना दुकानात कसं गेलं म्हणून विचारलं तर खोटं ताणू नका, मी आणलं म्हणून सांगून टाका. सहा-सात वर्षांच्या मुलाला तर सरळ आईबाबांनी आणलं असंच सांगावं.

वस्तू निवडताना एवढं बघा की बाळ झोपलेलं असताना तुमच्या शेजारी बसून ती खेळता यावी. मणी, बारक्या गोट्या, बटणासारखे छोटे सेल असलेली खेळणी अजिबात नको, तुमची मुलगी प्रेमानं बाळाच्या तोंडात घालायला कमी करणार नाही, आणि तो सेल पोटात गेला तर आतनं भाजतं. एक साधी बाहुली पण छान चालते, बाळाला तेल लावायला बाई आली की मोठीनं पाटावर बसून बाहुलीला तेल लावायचं. मुलगा असला तरी हेच करू द्या, मुलगा कसा बाहुलीशी खेळतोय म्हणणाऱ्यांना त्या वेळेला चहाला बसवा.

बारशाला आणि बाळंतविड्याला मात्र गिफ्टपेक्षा माणसांना सांभाळायला लागतं. येणारी प्रत्येक आत्या-मावशी झबलं-टोपडं घेऊन येते आणि मोठीला चेष्टेत म्हणते, आता तुझे लाड संपले गं, आता तुला कोण विचारतंय. ह्या एका चेष्टेनं तुमची पंधरा दिवसांची मेहनत जाते. त्यांना आधी फोनवरच सांगून ठेवा की आल्याबरोबर मोठीशी बोला, मग बाळाला बघा, आणि आहेराची पाकिटं उघडायचं काम मोठीलाच द्या.

थोडा हट्ट, बोबडं बोलणं, परत शू करणं हे पहिले काही आठवडे चालतं. पण शू करताना जळजळतंय, ताप आहे, दिवसा पण कपडे ओले होतायत, तर मानसिक म्हणून सोडू नका, आधी बालरोग डॉक्टरांकडे लघवी तपासून घ्या. जेवण तुटलं, बोलणं बंद झालं, किंवा कोणी बघत नसताना बाळाला परत परत दुखवायला लागली, तर समुपदेशकाला दाखवा. आणि कितीही शहाणी असली तरी साडेतीनच्या मुलीजवळ बाळाला एकटं सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका, दोघांपैकी एकाला बरोबर न्या.

पिशवी आत्ताच भरून दवाखान्याच्या बॅगेत ठेवा, नंतर आठवण राहत नाही. आणि यजमानांना मोठंच काहीतरी घ्यायचं असेल तर घेऊ देत, पण ते बाळ आल्याच्या दिवशी नको, तिच्या वाढदिवसाला.