आम्ही बारा शेतकरी मिळून नदीवरून लिफ्ट करतोय, मोटर किती एचपीची घ्यावी?

मोटरचा आकडा सगळ्यात शेवटी काढायचा असतो. दुकानदार तो सगळ्यात आधी सांगतो. आमच्या कादवा नदीकाठच्या लिफ्टवर याच मुद्द्यावरून घरात भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्यापासून वरच्या हौदापर्यंत उभी उंची ४५ मीटर भरली. पाइपलाइन २४०० मीटर, आणि पाणी हवं होतं सेकंदाला ४० लिटर. मी म्हणत होतो, आतून २०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. ठेकेदार म्हणाला १६० मध्ये भागतं, आणि चुलत्यांनी त्याचंच ऐकलं, कारण पाइपच्या पैशात मोठी बचत दिसत होती.

हिशेब असा होता. पंपाचा जोर तो पाणी किती मीटर चढवेल यावर मोजतात, त्याला हेड म्हणतात. एवढं पाणी २०० मधून नेताना घर्षणात सुमारे १८ मीटर हेड जातो, १६० मधून ५३ मीटर. त्यात उभी उंची ४५ मिळवली की एकूण हेड एकीकडे ६३, दुसरीकडे ९८. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर पहिल्यासाठी ५१ एचपी लागते, म्हणजे मोटर ६० ची घ्यायची. दुसऱ्यासाठी ८० लागते. आमच्याकडे पाइप १६० चा आला आणि पंप मात्र ६५ मीटर हेडचा. ४० ऐवजी जेमतेम २७ लिटर पाणी वर चढायचं. शेवटच्या वाट्यातल्या द्राक्षबागांची पाळी यायच्या आत वीज जायची, आणि सगळे मोटरला दोष द्यायचे.

दोष कुठे आहे ते प्रेशर गेज सांगतो. पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, एनआरव्ही, त्याच्या पुढे गेज लावा. मोटर बंद, पाइप भरलेला, तेव्हा आमच्याकडे सव्वाचार किलो दिसायचं, चालू असताना पावणेसात. एक किलो म्हणजे साधारण १० मीटर. मधले अडीच किलो, म्हणजे २५ मीटर, फक्त पाइप खात होता.

जॅकवेल, म्हणजे पंपासाठीची नदीकाठची विहीर, नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला घ्या, तिथे डोह टिकतो. आतल्या काठाला गाळ बसतो आणि उन्हाळ्यात धार लांब सरकते. धरणाखाली असाल तर आवर्तन नसताना पाणी कुठे थांबतं ते आधी पाहून ठेवा. पाणी उपशाची परवानगी तर लागतेच.

माझे आकडे गुळगुळीत पीव्हीसीचे आहेत, जुन्या लोखंडी पाइपमध्ये घर्षण बरंच वाढतं. बेंड, व्हॉल्व्ह आणि फूटव्हॉल्व्हचा हेड यात धरलेला नाही, तो वेगळा मिळवा.

चुलते आजही म्हणतात, तेव्हा ८० ची मोटर बसवली असती तर झालं असतं. पाइप ६ किलोच्या वर्गाचा होता, पावणेसातलाच तो मर्यादेबाहेर चालत होता. ९८ मीटर हेड म्हणजे जवळपास १० किलो दाब, वर वीज गेल्यावर उलट येणाऱ्या पाण्याचा दणका वेगळाच. पंपाजवळचे जोड पहिल्याच आठवड्यात सुटले असते.